गडावर पायी जाताना तिघांना जुलाब, तिघांचं तीन तऱ्हेचं. ओआरएसवर कोणाचं भागेल आणि तपासणी कोणाची करायची?

पारोळ्याचा_पायीवाला · रात्री 9.40

दरवर्षीसारखं चैत्रोत्सवाला सप्तशृंगी गडावर पायी निघालोय, पारोळ्याहून आम्ही चौदा जण. आज कळवणच्या अलीकडे एका शाळेच्या ओट्यावर मुक्काम आहे आणि इथेच अडकलोय. काल दुपारी एकच्या सुमारास रस्त्यावर एका ठिकाणी सगळ्यांनी जेवण घेतलं, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बर्फ टाकलेला मठ्ठा. भात सकाळीच करून ठेवलेला होता, गार झालेला, तेव्हा भुकेत कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता काय झालं ते सांगतो. पंधरा वर्षांच्या पुतण्याला काल चारलाच उलट्या सुरू झाल्या, पाच-सहा झाल्या आणि रात्रीपर्यंत तो बरा. मेव्हणा, वय 38, आज सकाळी सहापासून पातळ, पाण्यासारखं, आत्तापर्यंत सहा वेळा, ताप नाही, पोट जास्त दुखत नाही, चालतो-बोलतो. आई 63 ची, पहाटे चारपासून, नऊ-दहा वेळा झालं, उठून उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणते, बीपीची गोळी चालू आहे. आणि चुलत भाऊ, वय 24, याचं काल रात्री अकरापासूनच पाण्यासारखं होतं पण आज संध्याकाळी अंग तापलं, थर्मामीटर लावला तर 102, आणि पोटात मुरडा येतोय, जाऊन आला की परत जावंसं वाटतं, आत्ता म्हणाला शेंबडासारखं पडलं आणि त्यात लाल आहे. त्याने सकाळी आणि दुपारी मेडिकलवरून आणलेली एकेक गोळी घेतलीय, जुलाबाची आहे एवढंच सांगितलं दुकानदाराने.

ओआरएसच्या पुड्या आहेत आमच्याकडे, तिघांना देतोय. नुसतं ओआरएस देत राहू का? सगळ्यांना एकच अँटिबायोटिक सुरू करू का? रात्र काढावी का आत्ता गाडी बघावी?

केळीबाग_रावेर · 9.52

भाऊ हे उन्हाचं आहे. पारा बघा किती आहे सध्या. आईला अंधारी येतेय म्हणजे ऊन लागलंय, डोक्यावर ओला पंचा ठेवा, कांद्याचा रस तळपायाला चोळा, कैरीचं पन्हं द्या. आमच्याकडे केळीचे घड कापायला येणाऱ्या माणसांना मे महिन्यात रोज असं होतं.

मेडिकल_चोपडा · 9.58

मी वीस वर्षं दुकान चालवतो. प्रवासातल्या जुलाबात नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ तीन दिवस, आणि लगेच थांबवायचं असेल तर लोपेरामाईड. तिघांनाही द्या, उद्या दुपारपर्यंत चालायला लागतील. अँटिबायोटिकने दिवसभर तरी लवकर सुटका होते हे खरं आहे, कोणी काही म्हणो.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 10.07

पारोळेकर, चुलत भाऊ आणि आई, या दोघांना आत्ताच गाडी करून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका. मेव्हणा ओट्यावर थांबला तरी चालेल. भावाला तिसरी गोळी देऊ नका, ती स्ट्रिप मात्र सोबत घेऊन जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवायला. आणि लोपेरामाईड त्याला अजिबात नको. ताप आणि रक्त असताना आतड्याची हालचाल थांबवली की जंतू आणि त्यांचं विष आतच राहतं, पोट फुगतं आणि केस बिघडते, हे मी वॉर्डात बघितलंय.

गाडी येईपर्यंत आधी एवढं सांगा. आईने शेवटची लघवी कधी केली? आणि ओआरएस नक्की कसं बनवताय, पुडी केवढी आणि पाणी केवढं?

पारोळ्याचा_पायीवाला · 10.15

सर, गाडी सांगितली, वीस मिनिटांत येतेय. लघवी दुपारी बाराला झाली होती म्हणते, त्यानंतर नाही. ओआरएस मेव्हण्याला लिटरच्या बाटलीत करून दिलं. आईला मात्र वहिनी पेल्यात करून देत होती, एका पेल्याला एक पुडी. आई म्हणते भलतं खारट-गोड लागतं, तीन पेले झाले, तहान उलट वाढलीय.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 10.19

पुडीवर बघा, एक लिटर लिहिलंय का. मोठी पुडी साडेवीस-एकवीस ग्रॅमची असते, ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडी मिळते ती पेलाभर म्हणजे 200 मिलीसाठी. तुमच्याकडे मोठी असेल तर आईला पाचपट घट्ट गेलंय. इतकं घट्ट पोटात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, म्हणून जुलाब वाढतात आणि तहान भागत नाही. रक्तातलं सोडियमही चढू शकतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांना हे तीन पेल्यांचं आवर्जून सांगा.

आता नवीन करा. लिटरची सीलबंद बाटली फोडा, घोटभर पाणी काढून टाका, पुडी पूर्ण ओता, झाकण लावून हलवा. आईला त्यातलं घोट घोट, साधारण दर पाच मिनिटाला अर्धा कप, गाडीतसुद्धा चालू ठेवा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत, चमच्याने.

पारोळ्याचा_पायीवाला · 10.24

पुडीवर एक लिटरच आहे सर. गाडी आली, निघतोय.

साक्रीना_आबा · 10.31

माय वं. पोहोचल्यावर कळव भाऊ, जागेच आहोत. पुडी पेल्यात टाकायची चूक आमच्याकडेही झालेली, पेल्याचं माप आणि लिटरचं माप कोणी सांगतच नाही दुकानात.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 10.48

ते पोहोचेपर्यंत बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, कारण एकाच पंगतीत जेवलेल्या चार जणांना चार तऱ्हेचं होणं हे नेहमीचं आहे आणि लोक तिथेच चुकतात, सगळ्यांना एकच गोळी वाटून टाकतात.

पुतण्याचं बघा. एकला जेवला, चारला उलट्या, रात्री बरा. तीन तासांत जंतू वाढून आजार होत नाही, एवढ्या लवकर होतं ते अन्नात आधीच तयार झालेल्या विषामुळे. शिजवून तासन् तास बाहेर ठेवलेल्या भातात हे जंतू वाढतात आणि विष सोडून ठेवतात, भात परत गरम केला तरी ते विष जात नाही. यात अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, विष बाहेर पडलं की माणूस बरा.

मेव्हणा आणि आई यांचं पंधरा ते सतरा तासांनी सुरू झालं, भरपूर पाणी, ताप नाही, रक्त नाही. प्रवासातल्या जुलाबाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे विष तयार करणारा ई. कोलाय, आणि त्याचं चित्र असंच असतं. बर्फ, मठ्ठा, न शिजवलेली चटणी, पाणी, कशातूनही येतो. तो आतड्याच्या आवरणाला जखम करत नाही, फक्त नळ उघडा ठेवल्यासारखं पाणी सोडायला लावतो. पण त्या अवस्थेतसुद्धा मीठ आणि ग्लुकोज बरोबर प्रमाणात आलं की आतडं दोघांना एकत्र आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, ती वाट बंद पडत नाही. ओआरएसचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमात मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून कॉलऱ्याच्या रुग्णांना नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि हजारो जीव वाचवले. मी विद्यार्थ्यांना दर बॅचला हे सांगायचो.

चुलत भावाचं मात्र वेगळं. ताप, मुरडा, शेंबूड, रक्त म्हणजे जंतू आतड्याच्या भिंतीत घुसलाय. शिगेला असेल, कॅम्पिलोबॅक्टर असेल, साल्मोनेला असेल. आणि त्याचं कालच्याच जेवणातून आलं असं मी म्हणणार नाही, हे जंतू वर यायला एक ते चार-पाच दिवस घेतात, म्हणजे आधीच्या मुक्कामाचं काहीतरी असू शकतं. सगळ्यांचं खापर त्या एका पंगतीवर फोडू नका.

रावेरचे भाऊ, उन्हाने पाणी जास्त जातं हे तुमचं बरोबर आहे, आईची अंधारी त्यामुळे लवकर आली असेल. पण दहा वेळा पातळ होणं हे ऊन करत नाही. पन्हं द्या, पण ओआरएसच्या जागी नको.

शिरपूरची_सून · 10.55

सर घरी कसं ओळखायचं की पाणी कमी झालंय? माझ्या सासूबाईंची कातडी चिमटीत धरली तर एरवीही तशीच उभी राहते.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 11.06

अगदी नेमकं विचारलंत. वयस्कर माणसात हाताच्या कातडीचा चिमटा फसवतो, ती एरवीही सैल असते. बघायचंच असेल तर छातीच्या मधल्या हाडावर बघा. पण त्याहून लघवी बघा. सहा-आठ तास लघवी नाही किंवा झाली तर चहासारखी गडद, जीभ कोरडी, उभं राहिल्यावर चक्कर, ही खरी लक्षणं. बोलणं असंबद्ध होणं, गळून पडणं, हातपाय गार, ही तर वेळ न घालवण्याची. या आईंची लघवी दुपारी बारानंतर बंद होती आणि उभं राहिलं की अंधारी, म्हणून पाठवलं, जुलाबात रक्त नसतानासुद्धा.

बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, काही गोळ्या किडनीवरचा दाब बदलतात. पाणी कमी झालेलं असताना त्या चालू राहिल्या की किडनीला धक्का बसतो. शुगरच्या काही गोळ्यांचंही तसंच. अशा वेळी डॉक्टरला फोन करून विचारायचं की उद्याची गोळी घ्यायची की नाही, मनाने बंदही करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही.

मेडिकल_चोपडा · 11.12

सर मी अँटिबायोटिक सगळ्यांना देतो असं नाही, पण लोक दुकानात येतात तेव्हा गडाची गाडी लागलेली असते, त्यांना ओआरएस सांगितलं तर म्हणतात गोळी दे. आणि फरक पडतोच की.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 11.21

फरक पडतो, मी नाकारत नाही. बॅक्टेरियाचा जुलाब असेल तर योग्य अँटिबायोटिकने साधारण दिवसभराने आजार कमी होतो. पण तसाही तो तीन ते पाच दिवसांत आपोआप जातो, आणि माणूस ताठ आहे, पितोय, लघवी होतेय, तर त्या एका दिवसासाठी काय मोजतोय ते बघा. पोटातले चांगले जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू आतड्यात घर करून महिनोन् महिने राहतात. दुसरं म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटाला आपल्याकडचे शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर मोठ्या प्रमाणात जुमानत नाहीत. म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्या चुलत भावालाच तुमची गोळी पुरायची नाही, आणि मेव्हण्याला गरज नव्हतीच.

मधला माणूस असतो हे मान्य. रक्त नाही, ताप नाही, पण दिवसाला आठ-दहा वेळा होतंय, अंथरुणातून उठवत नाही, प्रवास थांबलाय. त्याला द्यावं की नाही हे डॉक्टरने समोर बसून ठरवायचं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

पारोळ्याचा_पायीवाला · रात्री 1.35

पोहोचलो होतो, आता बाहेर बाकावर बसून लिहितोय. आईचं बीपी आडवं असताना 108 आणि उभं केल्यावर 84. तिथल्या मॅडमनी रक्त घेतलं, सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं कळायला क्रिएटिनिनसाठी. मी म्हटलं बाटली लावा, भाऊबंदांचे फोन येत होते बाटली लावली का म्हणून. मॅडम म्हणाल्या उलटी नाही, शुद्धीत आहेत, पिऊ शकतात, तर तोंडानेच भरून काढू, मी इथेच आहे, दोन तासांत सुधारलं नाही तर लावते. चार तासांत दोन-सव्वादोन लिटर पाजायचं असं ठरलं. वहिनीने स्टीलचा पेला धुवून घेतला आणि कागदावर रेघा मारत बसली, एक पेला एक रेघ. आठव्या रेघेला आई म्हणाली लघवीला जायचंय. मी आयुष्यात कधी त्या शब्दाने इतका निवांत झालो नव्हतो.

भावाची शौचतपासणी सांगितलीय, साधी आणि जंतू वाढवून बघायची कल्चर, दोन्ही. डबी दिलीय.

लॅबवाली_जळगाव · 1.44

दादा मी नाईट ड्यूटीला आहे म्हणून लगेच सांगते. डबी कोरडी असू द्या, त्यात लघवी किंवा संडासच्या भांड्यातलं पाणी जाऊ देऊ नका. नुसतं पाणी पाणी देऊ नका, जिथे शेंबूड किंवा रक्त आहे तोच भाग डबीत घ्या, जंतू तिथे सापडतात. आणि दोन तासांच्या आत लॅबला पोहोचू द्या, चैत्रातल्या उकाड्यात डबी पिशवीत चार तास फिरली तर बाकीचे जंतू वाढतात, शिगेला मरून जातो आणि रिपोर्ट काही नाही म्हणून येतो. कल्चर बाहेरगावी पाठवणार असतील तर त्यासाठी वेगळी नळी असते, तिथे विचारा. आणि नवीन अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना गेलेला चांगला. त्याने दोन गोळ्या घेतल्यात ते फॉर्मवर लिहायला सांगा, नाहीतर आम्ही उगाच चक्रावतो.

यावल_ते_न्यूजर्सी · पहाटे 4.10

इथे संध्याकाळ आहे. पारोळेकर, आई सावरतायत वाचून बरं वाटलं. माझा अनुभव सांगतो, याच विषयाचा आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात यावलला आलो होतो, भरीत पार्टी शेतात, विहिरीचं पाणी, सगळं मनसोक्त. परत येऊन आठ-दहा दिवसांनी सुरू झालं. ताप नाही, रक्त नाही, दिवसातून चारदा पण चिकट, पाण्यावर तरंगणारं, भयंकर वास, ढेकर आला की सडक्या अंड्यासारखा. तीन आठवडे चाललं, सहा किलो वजन गेलं. आधी एका ठिकाणी अॅझिथ्रोमायसिन दिलं, काही फरक नाही. ओआरएस पीत होतो पण पाणी कमी झालेलंच नव्हतं तर त्याने काय होणार. मग तीन वेगळ्या दिवशी नमुने मागितले, पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात जिआर्डिया नावाचा परजीवी. टिनिडाझोलच्या एका डोसवर थांबलं.

लॅबवाली_जळगाव · 4.22

बरोबर, जिआर्डिया रोज शौचातून पडत नाही म्हणून एका नमुन्यावर नाही म्हणता येत नाही. पण एक उलटंही सांगते. आपल्याकडे साध्या तपासणीत अमिबाच्या गाठी दिसल्या असं फार सहज लिहिलं जातं. आजार करणारा अमिबा आणि निरुपद्रवी अमिबा यांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. लाल पेशी गिळलेला हलता अमिबा दिसला तर गोष्ट वेगळी. मी स्वतः जोपर्यंत तसा दिसत नाही तोपर्यंत जपून लिहिते, डॉक्टर लोक मात्र कधी कधी रागावतात की स्पष्ट का लिहीत नाहीस.

नंदुरबार_जीपी · सकाळी 7.30

धडगाव-मोलगी भागात बरीच वर्षं काम केलंय म्हणून थोडं वेगळं मांडतो. धुळ्याचे सर म्हणतात ते तत्त्वाने योग्य आहे. पण कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि माझ्याकडे कल्चरच नाही. रक्त आणि ताप असेल तर मी रिपोर्टची वाट न बघता अॅझिथ्रोमायसिन सुरू करतो. आणि लोपेरामाईड मी कोणालाच देत नाही, रक्त नसलं तरी.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 7.52

रक्त आणि ताप दोन्ही असताना वाट बघू नका, यात आपलं एकमत आहे, नमुना डबीत गेला की औषध सुरू. ताप नसताना नुसतं रक्त असेल, विशेषतः लहान मुलात, तिथे मी थांबून तपासतो, कारण ई. कोलायचा एक प्रकार असा आहे की अँटिबायोटिक दिल्यावर किडनी बिघडण्याचा धोका असतो. लोपेरामाईडवर मी इतका कडक नाही. धडधाकट मोठा माणूस, ताप नाही, रक्त नाही, सहा तास एसटीत बसायचंय, तर दोन गोळ्यांनी त्याचा प्रवास निभतो. लहान मुलांना कधीच नाही.

नंदुरबार_जीपी · 7.58

तो माणूस एसटीत बसल्यावर रात्री त्याला ताप चढला तर कोण बघणार सर? मी त्यामुळेच देत नाही. यावर आपलं जमणार नाही.

शिरपूरची_सून · 8.15

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, आम्हीही पौर्णिमेला गडावर जाणार आहोत, गाडीने. मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं की फळाच्या चवीचं पाकीट हातात देतात, तयार पेय. ते चालतं का? आणि पुडी नसली तर?

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 8.31

ते तयार गोड पेय जुलाबात देऊ नका. साखर जास्त, मीठ कमी, त्याने जुलाब वाढतात. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली, ती याच कारणाने. पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोट फिरवून शिगेचं पाडलेला. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून परत करा. यात पोटॅशियम नसतं, ते सोबतच्या खाण्यातून येऊ द्या, रावेर-यावलची केळी त्यासाठी उत्तम. केलेलं द्रावण 24 तासांनी ओतून द्यायचं.

तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 100 ते 200 मिली, घोट घोट. झिंक 20 मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. खाणं बंद करू नका, वरण-भात, खिचडी, चालतंय ते द्या. पण मूल मलूल पडलं, डोळे आत गेले, रडताना पाणी येत नाही, पाजलेलं सगळं बाहेर काढतंय, किंवा रक्त दिसलं, तर घरात थांबू नका.

केळीबाग_रावेर · 8.40

मी काल चुकीचं सांगितलं, आधी नीट वाचलं नव्हतं. आमच्या मजुरांनाही आता विचारतो की पातळ होतं का नुसती चक्कर येते. आपण सरसकट ऊनच म्हणतो.

पारोळ्याचा_पायीवाला · चौथ्या दिवशी, दुपारी 3.20

सगळ्यांना सविस्तर सांगतो, उशीर झाला, मोबाईल वहिनीकडे राहिला होता.

मेव्हण्याला फक्त ओआरएस आणि खिचडी. दुसऱ्या दिवशी तीनदा, तिसऱ्या दिवशी एकदा, आज बांधून झालं. एकही गोळी घेतली नाही, तो शेवटपर्यंत मागत होता पण.

आईचं क्रिएटिनिन 1.6 आलं होतं, सोडियम वरच्या बाजूला पण मर्यादेत. बीपीची गोळी मॅडमनी दोन दिवस थांबवली. काल परत तपासलं तर क्रिएटिनिन 1.0, आजपासून गोळी परत सुरू. बाटली लागली नाही. घरी आल्या आल्या तिने दुधाचा चहा घेतला आणि परत पोट गुडगुडायला लागलंय, दोनदा पातळ झालं. हे परत सुरू झालं का?

भावाच्या साध्या तपासणीत पू पेशी भरपूर, लाल पेशी भरपूर, अमिबा नाही. अॅझिथ्रोमायसिन 500 रोज एक, तीन दिवस दिलं. दीड दिवसात ताप उतरला, रक्त दुसऱ्या दिवशी थांबलं. कल्चरचा रिपोर्ट आज आला, काहीच वाढलं नाही म्हणून. मग नेमकं काय होतं त्याला?

लॅबवाली_जळगाव · 3.41

आधीच्या दोन गोळ्यांनी जंतू वाढायचा थांबला असेल, किंवा कॅम्पिलोबॅक्टर असेल, त्याला वेगळी प्लेट आणि वेगळी हवा लागते, ती सोय बहुतेक लॅबमध्ये नसते. आता कळणार नाही दादा.

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 4.05

ताई म्हणतात तसंच. नाव कळलं नाही तरी उपचार बरोबर लागू पडला. भावाकडे पुढचे तीन-चार आठवडे लक्ष असू द्या. गुडघा-घोटा सुजला, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ झाली, किंवा पायांतली ताकद खालून वर कमी होत जातेय असं वाटलं तर जुलाब झाले होते हे सांगून दाखवा. क्वचित होतं, पण पायांचं वाटलं तर त्याच दिवशी जा.

आईचं नवीन इन्फेक्शन असेलच असं नाही. जुलाबात आतड्याच्या आतल्या थराची दूध पचवण्याची ताकद काही दिवस जाते. चहा आठवडाभर बिनदुधाचा द्या, दही-ताक थोडं थोडं चालेल. लघवी नीट होतेय ना आणि चक्कर नाही ना, एवढं बघा. दूध बंद करूनही चार-पाच दिवसांत थांबलं नाही तर शौचतपासणी. आणि दोन आठवडे ओलांडले तर यावलकरांसारखे तीन नमुने.

यावल_ते_न्यूजर्सी · संध्याकाळी 6.50

सर, या मे महिन्यात परत येतोय, मुलांना घेऊन. अॅझिथ्रोमायसिन सोबत ठेवू का?

निवृत्त_फिजिशियन_धुळे · 7.14

स्वतःसाठी ठेवा, तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेऊन, कधी घ्यायचं तेही त्यांच्याकडून ठरवून. ताप किंवा रक्त आलं आणि डॉक्टर हाताशी नाही, तेवढ्याचसाठी. मुलांना मात्र यावलमध्येच डॉक्टरला दाखवा. आणि शेतात भरीत बिनधास्त खा, विस्तवावरून उतरलेलं गरम भरीत आणि भाकरी सगळ्यात निर्धोक. सोबतचा कापलेला कांदा-मुळा कोणत्या पाण्यात धुतला ते विचारा.

पारोळ्याचा_पायीवाला · 8.02

आईचा चहा कोरा केला, तोंड वाकडं करून प्यायली. वहिनीने घरातल्या तांब्यात बाटलीने मोजून लिटरभर पाणी ओतलं आणि जिथपर्यंत आलं तिथे आतून खिळ्याने रेघ मारून ठेवलीय.